थर्ड शिफ्टचे पोट

चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या सुट्या भागांच्या कारखान्यात प्रेस मशीन चालवणाऱ्या चौतीस वर्षांच्या एका कामगाराचे उदाहरण घेऊ. त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. फर्स्ट शिफ्ट सकाळी 7 ते दुपारी 3, सेकंड 3 ते रात्री 11 आणि थर्ड 11 ते सकाळी 7. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि पोटफुगी सुरू होते, पोट साफ होत नाही आणि अंगात जोर राहत नाही. वर्षभर तो मेडिकलमधून ॲसिडिटीच्या गोळ्या आणून घेत राहिला. रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 या तपासण्यांत काही निघाले नाही. तेव्हा डॉक्टरांनी त्याला एक वही घालायला सांगितली. दोन आठवडे कधी खाल्ले, कधी झोपलो, चहा कितीदा घेतला आणि त्रास कधी झाला, एवढेच तिच्यात लिहायचे होते.

थर्ड शिफ्टमधल्या एका दिवसाचे पान असे होते. रात्री 9:30 ला घरी भाकरी, भाजी, भात. 10:15 ला कंपनीची बस. 2:30 ला कँटीनमध्ये चपाती, बटाट्याची रस्साभाजी, वरणभात. 12, 3:30 आणि 5 वाजता चहा. सकाळी 7:45 ला घरी पोहे आणि पुन्हा चहा, 8:15 ला अंथरुणावर. 9 वाजता जळजळीने जाग. 12:30 ला उकाडा आणि शेजारच्या आवाजाने झोप मोडली ती मोडलीच. एकूण झोप जेमतेम चार तास. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यातही घरचे जेवण तेच आणि तिखटही तितकेच होते. तरी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्रासाच्या नोंदी विरळ होत गेल्या. त्रासाची गाठ पदार्थांपेक्षा वेळेशी अधिक होती.

याचे कारण शरीरातल्या घड्याळांत आहे. मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या लगेच वरच्या भागात असते आणि ते उजेडावर चालते. पेशींमधले हे घड्याळ कोणत्या जनुकांमुळे चालते हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृत, जठर, आतडी आणि स्वादुपिंड यांचीही आपापली घड्याळे असतात. ती एरवी मेंदूच्या घड्याळाबरोबर चालतात, पण जेवणाच्या वेळेनेही पुढेमागे सरकतात. थर्ड शिफ्टमध्ये हा मेळ सुटतो. सकाळी बसच्या खिडकीतून येणारे ऊन मेंदूला ‘दिवस उगवला’ असे सांगते आणि पहाटेचे जेवण यकृताला भलतीच वेळ सांगते. मेंदूचे घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकू शकते. त्यामुळे ते नव्या वेळेला पुरते जुळण्याआधीच आठवडा संपतो आणि पाळी पुन्हा बदलते.

पोटावर याचा परिणाम कसा होतो ते क्रमाने पाहू. जठरातले घन अन्न सकाळी जितक्या वेगाने पुढे सरकते, तितक्या वेगाने रात्री सरकत नाही. जठरातला आम्लस्राव रात्री उशिरा वाढलेला असतो. म्हणजे 2:30 चे भरपेट जेवण पडते ते सुस्तावलेल्या पण आम्लाने भरलेल्या जठरात. त्यावर सकाळचे पोहे येतात आणि अर्ध्या तासात माणूस आडवा होतो. आडवे झाल्यावर जठरातले आम्ल अन्ननलिकेत सहज चढते. झोपेत लाळ कमी सुटते आणि गिळणेही क्वचित होते, त्यामुळे वर आलेले आम्ल लवकर धुतले जात नाही. वहीतली 9 वाजताची जळजळ ही अशी होती. मोठे आतडेही रात्री शांत असते आणि सकाळी उठल्यावर, खाल्ल्यावर जोमाने हलते. हा कामगार नेमका त्याच वेळी झोपायला जातो, म्हणून शौचाची वेळ हुकते आणि पोट जड राहते.

थकव्याचे मूळही तेच आहे. शरीराचे तापमान पहाटे 4-5 च्या सुमारास सर्वांत खाली असते आणि तेव्हा सावधपणाही कमी असतो. सकाळी ते चढू लागते, म्हणून दिवसा लागलेली झोप तुटक आणि आखूड होते. त्यात कॅफीनचा अर्धा अंश अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. 5 वाजताचा चहा 9 वाजताही झोपेच्या आड येतो.

जेवणाची वेळ बदलून काय साधते, याचा एक प्रयोग बोस्टनमध्ये झाला. त्याचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. 19 निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारख्या दिनक्रमात ठेवले होते. रात्रीही जेवणाऱ्यांची रक्तातली साखर वाढली, तर फक्त दिवसा जेवणाऱ्यांची तशी वाढली नाही. हा प्रयोग लहान होता आणि साखरेपुरता होता, पोटाच्या त्रासाचा नव्हता. तरी जेवणाची वेळ हाही आरोग्याचा भाग आहे हे त्यातून दिसले.

वहीवरून डॉक्टरांनी थर्ड शिफ्टपुरते चार बदल ठरवले. मुख्य जेवण संध्याकाळी 8 ला. कामावर भूक लागली तर 12:30 च्या आत फुटाणे, केळे किंवा अर्धी वाटी उपमा, आणि त्यानंतर पाणी. शेवटचा चहा 1 वाजता. सकाळी घरी आल्यावर थोडेसेच खाणे, कारण उपाशी पोटीही झोप लागत नाही, पण पाठ टेकायची ती तासाभराने. खिडकीला जाड काळा पडदा लावला आणि झोप 9 ते 2 ठरली. उठल्यावर 2:30 ला पोटभर जेवण. गोळीची वेळही बदलली. पँटोप्राझोलसारखी गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घेतली तरच नीट काम करते. ‘सकाळी उपाशीपोटी’ ही सूचना शब्दशः पाळून तो ती झोपण्यापूर्वी घेत होता. ती आता दुपारच्या जेवणाआधी आली.

पुढच्या दोन थर्ड शिफ्टमध्ये जळजळीच्या नोंदी आठवड्याला पाचावरून एकावर आल्या. झोप पाच तासांवर गेली. पहाटे 4 ची गुंगी मात्र राहिली, कारण ती घड्याळाचीच आहे आणि जेवण बदलून जात नाही. तिच्यासाठी सुट्टीच्या वेळेत वीस मिनिटांची डुलकी उपयोगी पडते. पाळ्या फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा पुढे सरकणाऱ्या क्रमाने लावल्या तर जुळवून घेणे सोपे जाते, कारण माणसाचे आतले घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालते आणि उशिराकडे सहज वळते. हे मात्र कामगाराच्या हातात नसते.

वेळा बदलून सगळेच पोटाचे त्रास जात नाहीत. काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे किंवा विनाकारण वजन उतरणे यांपैकी काही असेल तर वही घालत बसू नये, लगेच डॉक्टर गाठावा. वारंवार वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांना जठरात व्रण असू शकतो. मोठ्याने घोरणाऱ्या माणसाचा थकवा झोपेत श्वास अडखळण्यामुळेही असतो. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नयेत, कारण रात्री साखर एकाएकी उतरू शकते.