दुसरा आवाज कुठे थांबतो

सासष्टीतल्या एखाद्या जुन्या घरात मांडो ऐकला की आधी कानात भरतं ते त्याचं दोन आवाजांत गायलं जाणं. व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीवर एक आवाज चाल धरतो आणि दुसरा तिच्या थोडा खाली राहून सोबत चालतो. ऐकताना वाटतं, खालच्याला विशेष काही करायचं नाही. वरचा जिथे जाईल तिथे तेवढ्याच अंतरावरून जायचं. गायला बसलं की कळतं, नव्वद टक्के वाट तशीच आहे, पण उरलेल्या चार-दोन जागी तसं गेलं तर गाणं बिघडतं. या लेखाचा विषय त्याच जागा आहेत.

आधी अंतरं समजून घेऊ. बिलावल थाटाचे सात शुद्ध स्वर घ्या. सा सोडून, मधला रे ओलांडून ग गाठला की जे अंतर पडतं त्याला थर्ड म्हणतात. रे-म, ग-प, म-ध हेही थर्डच. आता यातला वरचा स्वर एक सप्तक खाली आणा. सा जागेवर राहिला आणि ग मंद्रात गेला, की त्या मंद्र ग पासून सा पर्यंतचं अंतर झालं सिक्स्थ. स्वर तेच, फक्त वरचा खाली गेला. म्हणूनच दोन्हींची गोडी एका घरातली आहे. दोन स्त्रिया गाताना थर्ड सोयीचे पडतात. बाई चाल गात असेल आणि पुरुषाने वरचा थर्ड स्वतःच्या गळ्यात, म्हणजे सप्तकभर खाली घेतला, तर आपोआप सिक्स्थ तयार होतो.

आता एक छोटी चाल घेऊ. मुद्दाम साधी, या लेखापुरती बांधलेली:

ग ग म प | सां – ध प |
म म ग रे | सा – – – |

दुसऱ्या आवाजाने प्रत्येक स्वराखाली थर्ड ठेवला तर त्याची ओळ अशी होईल:

सा सा रे ग | ध – म ग |
रे रे सा नि | ध – – – |

शेवटच्या ओळीतले नि आणि ध मंद्रातले. हे दोघांनी मिळून गाऊन बघा. पहिले चार स्वर छान जातात. तार सा आला आणि त्याच्याखाली ध लागला, की गाण्याचा रंग एकदम उतरतो. शेवटी तर चाल सा वर घरी पोहोचते, पण खाली मंद्र ध असल्यामुळे ऐकणाऱ्याला गाणं संपल्यासारखं वाटत नाही. ते दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. कारण सोपं आहे. सा, ग आणि प ही तिकडी म्हणजे या चालीचं घर. त्यात ध नाही. ग च्या खाली सा येतो, प च्या खाली ग येतो, हे दोन्ही घरचेच. सा च्या खाली मात्र थर्डने ध येतो, आणि विसावा हवा असतो नेमका तिथेच तो अडचण करतो. सा ओझरता लागून गेला तर खालचा ध खपून जातो. त्यावर थांबायचं असेल तर नाही.

मग सा च्या खाली काय ठेवायचं? सिक्स्थने मोजलं तर ग येतो. आणि प च्या खाली थर्डने काय येत होतं? तोही ग च. दोन आवाजांत गाताना मला सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच: चाल प वरून सां ला उडी मारते तेव्हा खालच्याने हलायचंच नाही. तो ग वर उभा राहतो आणि अंतर थर्डचं सिक्स्थ होतं. एक थांबलेला आणि एक उडालेला, म्हणून उडीही उठून दिसते. दोघांनी एकदम, एकाच दिशेने झेप घेतली असती तर ती निम्मी वाया गेली असती. पुढे चाल सां वरून ध ला उतरते तेव्हा खालचा ग वरून म ला चढतो. दोघे एकमेकांकडे सरकतात आणि पुन्हा थर्डवर भेटतात.

शेवट असाच सोडवता येतो. चाल रे वर असताना खाली मंद्र नि आहे. चाल रे वरून सा ला उतरते, खालचा नि वरून सा ला चढतो आणि दोघे एकाच स्वरावर मिळतात. पूर्ण खालची ओळ आता अशी झाली:

सा सा रे ग | ग – म ग |
रे रे सा नि | सा – – – |

बदल फक्त दोन जागी आहे, पण गाऊन बघितल्यावर फरक सांगावा लागत नाही. साथीला सा धरणारं वाद्य असेल आणि खालचा गळा पुरेसा खोल असेल, तर दुसरी ओळ सिक्स्थने, म्हणजे मंद्रातल्या ध ध प म ग अशीही नेता येते. तेव्हा शेवटच्या सा खाली ग येतो. तो गोड लागतो, पण पायथ्याला सा नसल्यामुळे वाद्याशिवाय जरा अधांतरी राहतो. सिक्स्थची अडचण उलट जागी असते. प वर ठरायचं असेल तर सिक्स्थने खाली नि येतो, आणि तो घरचा नाही. थोडक्यात, सा वर सिक्स्थ, प वर थर्ड.

सोबत चालायला थर्ड आणि सिक्स्थच का? प आणि सा ची जोडी तर सगळ्यांत जुळणारी. नवखे गाणारे म्हणूनच कधीकधी सा-प, रे-ध, ग-नि असे सरकत जातात. आपला तानपुरा आठवा. त्यात प आणि सा च्या तारा इतक्या मिसळतात की वेगळ्या ऐकू येत नाहीत. एका जागी उभ्या असलेल्या तानपुऱ्यात तेच हवं असतं. पण दोन माणसं त्याच अंतराने सतत चालू लागली की ती दोन राहत नाहीत; एकच पोकळ, जाडसर आवाज चालतोय असं ऐकू येतं. सप्तकाच्या अंतराने चालताना हे आणखी होतं. नवव्या शतकातल्या युरोपी चर्चगायनात पंचमाच्या आणि मध्यमाच्या अंतराने आवाज सर्रास सोबत चालवत. पुढे प्रत्येक आवाजाला स्वतःची चाल असावी असं वाटू लागलं आणि ते मागे पडलं. १७२५ साली योहान योझेफ फुक्सने लिहिलेल्या ‘ग्रादुस आद पार्नासुम’ या पुस्तकात तर ते सरळ वर्ज्य आहे. थर्डमध्ये दोन आवाज जुळतात, पण विरघळत नाहीत.

तरी थर्डची रांगही फार लांबली की दुसरा आवाज सावली होतो. शिकणाऱ्याला तीन-चारपेक्षा जास्त सलग घेऊ नका असं सांगतात. गाण्यात मी इतकं कडक नसतो. देलीबच्या ‘लाक्मे’ या १८८३ च्या ऑपेरात नदीकडे फुलं आणायला निघालेल्या दोघींचं गाणं बरंचसं थर्डवरच तरंगतं आणि ते तसंच हवं, कारण चाल झुलती आहे आणि दोघी एकाच मनाने गातात. चाल उड्या घेत असेल, किंवा शब्दांत दोघांचं म्हणणं वेगळं असेल, तर मात्र रांग मोडावी.

एक अडचण कागदावर दिसत नाही. तानपुऱ्यावर तयार झालेले दोन गळे रे-म हा थर्ड गातात तेव्हा प शी जुळवलेला रे थोडा चढा असतो, त्यामुळे रे-म मधलं अंतर एका बारीक श्रुतीने आखूड पडतं. सा-ग गोड लागतो आणि पुढच्याच पावलावर आवाजात थरथर ऐकू येते. दोघेही सुरात असतात, म्हणून चूक कुणाची ते सापडत नाही. अशा वेळी खालच्याने रे किंचित उतरवायचा, थरथर थांबेपर्यंत. आमच्या सरावात आम्ही हार्मोनियम बंद ठेवून नुसतं सा-ग, रे-म, ग-प असं संथ लयीत, प्रत्येक जोडीवर एक श्वास थांबून गातो. हार्मोनियमचा ग शुद्ध गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्श्याने चढा असतो. त्याच्या नादाने गायलं तर पहिलाच थर्ड तिखट लागतो, आणि मग पुढचा कुठलाच बसत नाही.