शिल्लक खात्यात, देणे कपाटात

चांदूर रेल्वेसारख्या 'क' वर्गाच्या नगरपरिषदेच्या रोकडवहीत मार्चअखेर लाखोंची शिल्लक असावी आणि त्याच वेळी लेखा शाखेच्या कपाटात रस्त्या-नाल्यांची देयके महिनोन्महिने पडून असावीत, हा वरवर विसंगत भासणारा प्रकार समजून घ्यायचा, तर ती शिल्लक कोणत्या मदाची आहे, हे आधी पाहिले पाहिजे. वित्त आयोगाच्या बंधित अनुदानाचे पैसे पाणीपुरवठा व स्वच्छतेवरच खर्चावे लागतात; गल्लीतल्या काँक्रीटचे देणे त्यातून चुकविता येत नाही.

जकात होती, तोवर नाक्यावर रोजच्या रोज वसूल रुजू होई. 1999 साली नगरपरिषदांची जकात उठली, तिच्या बदली शासनाचे सहायक अनुदान हप्त्यांनी येऊ लागले, आणि ते बहुतांशी वेतनातच खपते. उरला मालमत्ता कर. त्याच्या वसुलीचा जोर जानेवारी ते मार्च, विजेचे देयक मात्र दरमहा. मधल्या महिन्यांची ही खिंड कोण भरून काढतो? बहुधा कंत्राटदार, आणि तोही बिनव्याजी.

समजा, एका नालीचे 10 लाखांचे काम झाले. अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेत नोंद केली, देयक तपासून पारित झाले, 5 टक्के सुरक्षा ठेव म्हणून 50 हजार कापले. ही ठेव दोषदायित्वाची मुदत संपल्यावर परत करावयाची, म्हणजे परक्याची ठेव; पण वेगळ्या खात्यात न ठेवता ती पगारात वापरली गेली, तर पुढे अनामत परत मागणाऱ्याला नव्या कंत्राटदाराच्या कपातीतून पैसे द्यावे लागतात. ही सावकारी रीत सरकारी कागदांवर इतकी सभ्य दिसते, की लेखापरीक्षकाचीही नजर सहज चुकावी! खूण एकच: ठेव नोंदवहीतली एकूण रक्कम बँकेतल्या अनिर्बंध शिलकीहून जास्त निघते.

दुसरा दोष नोंदीच्या पद्धतीतला आहे. केवळ रोखीवर लिहिलेल्या हिशेबात पैसे दिल्यावाचून खर्चच दिसत नाही. म्हणून झालेले काम देणे म्हणून कोठेच उमटत नाही, आणि अर्थसंकल्पात अपेक्षित वसुली फुगवून नव्या कामांना मंजुरी देता येते. महाराष्ट्र नगरपालिका लेखा संहिता, 2013 उपार्जन तत्त्वावरील दुहेरी नोंद सांगते, ती यासाठीच. तरीही देयक आवकच घेतले नाही, अथवा मोजमापच लांबविले, तर तीही पद्धत आंधळी ठरते. म्हणून कामपूर्तीची, मोजमापाची आणि अदायगीची अशा तीन तारखा एका ओळीत मांडाव्यात: पहिल्या दोहोंतले अंतर वाढले तर दोष बांधकाम शाखेकडे, नंतरच्या दोहोंतले वाढले तर तिजोरीकडे.

कंत्राटदार ही तारीखवार गोष्ट पुरती ओळखून असतो, आणि पुढच्या निविदेत दर भरताना विलंबाचे व्याज आधीच धरतो.