पाणाड्या आणि भूजलाचा शोध

पाणाड्या म्हणजे दुबेळकी काठी, नारळ किंवा धातूच्या तारा यांच्या हालचालीवरून जमिनीखालील पाण्याची जागा सांगणारी व्यक्ती. महाराष्ट्रात विहीर किंवा विंधन विहीर घेण्यापूर्वी पाणाड्याला बोलावण्याची प्रथा आहे. या पद्धतीला वैज्ञानिक आधार आढळलेला नाही.

काठी का फिरते?

काठी ताणून धरलेली असल्याने तिचा समतोल अस्थिर असतो आणि मनगट किंचित वळताच ती उसळते. अपेक्षेमुळे स्नायूंची अशी हालचाल नकळत होते, हे विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये मांडले. म्हणजेच पाणाड्या प्रामाणिक असूनही चुकू शकतो.

जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा नळ सरकवून वरच्या मजल्यावरील पाणाड्यांना त्याची जागा ओळखण्यास सांगण्यात आले. काहींना ही विद्या अवगत असल्याचा निष्कर्ष प्रयोगकर्त्यांनी काढला. मात्र जे. टी. एनराइट यांच्या १९९९ मधील फेरविश्लेषणानुसार ते निकाल निव्वळ योगायोगाने येणाऱ्या निकालांसारखेच होते.

यश का भासते?

दख्खनच्या बेसाल्ट खडकात पाणी भूमिगत नदीसारखे वाहत नाही. ते मुरुमात, म्हणजे झिजलेल्या खडकात, आणि भेगांमध्ये साठते. त्यामुळे अनेक ठिकाणी थोडे पाणी लागतेच. ते उन्हाळ्यात टिकेल का, हा खरा प्रश्न असतो.

भूजलशास्त्रज्ञाची पद्धत

भूजलशास्त्रज्ञ प्रथम आसपासच्या विहिरींची उन्हाळ्यातील पाणीपातळी मोजतो आणि त्यांच्या कडांवर दिसणारे खडकांचे थर पाहतो. नंतर तो जमिनीचा उतार व नाल्यांची दिशा तपासतो, कारण सरळ रेषेत जाणारा नाला खडकातील भेग सुचवू शकतो. शेवटी जमिनीत चार खुंट्या रोवून विद्युत रोधकता मोजली जाते. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडतात व आतील दोहोंमधील विद्युतदाब मोजतात. बाहेरच्या खुंट्यांमधील अंतर वाढवत नेल्यास अधिक खोलीची माहिती मिळते. ओल्या मुरुमाची रोधकता कमी, तर अखंड कातळाची बरीच जास्त असते.

उदाहरणार्थ, एका सपाट शेतात मे महिन्यातील पाणीपातळी ९ मीटरवर आहे, असे समजू. एका जागी ६ मीटरवर कातळ लागतो. तेथील मुरूम पाणीपातळीच्या वरच संपत असल्याने तो पावसाळ्यात ओला झाला तरी उन्हाळ्यात कोरडा पडेल. नाल्यालगतच्या दुसऱ्या जागी मुरूम १५ मीटरपर्यंत आहे. तेथे मे महिन्यातही ६ मीटर जाडीचा थर पाण्याने भरलेला राहील. म्हणून विहिरीसाठी दुसरी जागा निवडली जाते.

मर्यादा

चिकणमाती आणि खारे पाणी यांचीही रोधकता कमी असते. विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात यामुळे फसगत होऊ शकते, म्हणून मोजणी जवळच्या विहिरीतील थरांशी व पाण्याच्या चवीशी ताडून पाहतात. कातळातील खोल, अरुंद भेग या मोजणीत बहुधा दिसत नाही. त्यामुळे शास्त्रीय सल्ल्यानंतरही विंधन विहीर कोरडी जाऊ शकते. अशा विहिरीतील थरांची नोंद पुढील जागा ठरवताना उपयोगी पडते.