कमी पडलेला पगार आणि एक सूचना

पगाराच्या दिवशी मोबाइलवर बँकेचा संदेश येतो. त्यातील आकडा नेहमीपेक्षा कमी असला, तर वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार हिशेबाचा येत नाही. आपल्या हातून काही चुकले का, आपल्यावर काही ठपका आला का, असे त्याला वाटू लागते. मग घरभाडे, किराणा, कर्जाचा हप्ता यांची आठवण होते. अशा वेळी कार्यालयाकडून येणाऱ्या सूचनेला पत्रव्यवहाराच्या नेहमीच्या मोजमापाने मोजता येत नाही. ती सूचना वाचणारा माणूस आधीच अस्वस्थ असतो आणि तिच्यात तो एकच गोष्ट शोधत असतो : माझे पैसे किती आणि कधी मिळणार?

सातारा जिल्ह्यातील एका लहान कारखान्याचे उदाहरण घेऊ. तेथे मसाले दळून त्यांची पाकिटे भरली जातात. दोन पाळ्यांत मिळून ६४ जण काम करतात. हजेरीसाठी बोटाचा ठसा घेणारे यंत्र आहे. जून महिन्याच्या १८ व १९ तारखेला दुसऱ्या पाळीच्या वेळी ते यंत्र बंद पडले. पर्यवेक्षकाने रीतीप्रमाणे वहीत हजेरी घेतली आणि सर्वांच्या सह्याही घेतल्या. ती वही कार्यालयात पोहोचली. परंतु वेतनपत्रक तयार करताना हिशेबनिसाने फक्त यंत्रातील नोंदी उचलल्या. यंत्राच्या दृष्टीने ते २३ कामगार दोन दिवस गैरहजर होते. संगणकाने दोन दिवसांचे वेतन कापले आणि ६ जुलै रोजी कमी रक्कम खात्यांत जमा झाली.

चूक कशी ओळखता येते, हेही येथे पाहण्यासारखे आहे. एकट्या कामगाराचा पगार कमी आला, तर कारण बहुधा त्याच्यापुरतेच असते : रजा, उचल किंवा एखादी कपात. परंतु एकाच पाळीतील सर्वांच्या पगारचिठ्ठीत ‘कामाचे दिवस २६’ऐवजी ‘२४’ दिसले, तर दोष माणसांत नसून नोंदीत आहे हे उघड होते. ७ जुलैच्या सकाळी पाकिटे भरणाऱ्या एका बाईने पर्यवेक्षकाला नेमके हेच सांगितले, “साहेब, दोन दिवस आम्ही सगळ्या कामावर होतो. वहीत माझी सही आहे, काढून बघा.” वही काढली गेली आणि तासाभरात चूक सापडली.

चूक सापडल्यावर कार्यालयाने पहिला मसुदा लिहिला तो असा : ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव माहे जूनच्या वेतनात काही प्रमाणात तफावत आढळून आली आहे. सदर बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आणून देण्यात आली असून योग्य ती कार्यवाही यथावकाश करण्यात येईल. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.’

व्याकरणदृष्ट्या या मसुद्यात एकही दोष नाही. तरीही तो फलकावर लागला असता, तर कार्यालयाच्या दारात गर्दी वाढलीच असती. यातील प्रत्येक क्रियापद कर्त्याविना उभे आहे. तफावत ‘आढळून आली’, बाब ‘निदर्शनास आणून देण्यात आली’, दिलगिरी ‘व्यक्त करण्यात येत आहे’. पण हे सारे कोणी केले आणि कोण करणार, याचा पत्ता लागत नाही. मराठीतील कर्मणी रचना कार्यालयीन लेखनात उपयोगी आहे, यात शंका नाही. क्षमा मागण्याच्या वेळी मात्र ती माणसाला लपण्याची जागा देते. ‘तफावत’ हा शब्दही फसवा आहे. तफावत वरही असू शकते आणि खालीही. येथे तर पैसे कमी दिले गेले होते. आणि ‘यथावकाश’ म्हणजे सवडीने. ज्याचा हप्ता १० तारखेला आहे, त्याला सवड सांगणे हे बेपर्वाईचेच ठरते.

व्यवस्थापकांनी तो मसुदा बाजूला ठेवला. नवी सूचना लिहिण्यापूर्वी त्यांनी दोन गोष्टी निश्चित केल्या : रक्कम आणि तारीख.

रकमेचा हिशेब वाटतो तितका सरळ नसतो. उदाहरणादाखल ज्या कामगाराचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १४,३०० रुपये आहेत आणि इतर भत्ता नाही, त्याचा हिशेब पाहू. या कारखान्यात महिन्याचे २६ दिवस धरले जातात. म्हणजे एका दिवसाचे वेतन ५५० रुपये आणि दोन दिवसांचे १,१०० रुपये. परंतु पूर्ण १,१०० रुपये हातात येणार नाहीत. पगार कमी धरला गेला, तेव्हा त्यावरील भविष्य निर्वाह निधीची १२ टक्के कपातही कमी झाली होती. वेतन पूर्ण केले की उरलेली १३२ रुपयांची कपात होणारच. कर्मचारी राज्य विम्याच्या हप्त्यापोटीही ९ रुपये जातील. हाती येणारी रक्कम ९५९ रुपये. सूचनेत हे आधी सांगितले नाही, तर १,१००ची वाट पाहणारा माणूस ९५९ पाहून दुसऱ्यांदा फसवले गेल्यासारखे समजेल. वास्तविक निधीचे १३२ रुपये त्याच्याच खात्यात जमा होतात आणि कारखान्यालाही आपला वाटा भरावा लागतो.

तारीख ठरवताना दोन मर्यादा समोर होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ प्रमाणे महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत दिले गेले पाहिजे. म्हणजे कमी पडलेल्या रकमेपुरती ही मुदत त्याच दिवशी संपत होती आणि ‘पुढच्या पगारात पाहू’ असे म्हणण्याचा अधिकार कार्यालयाला राहिला नव्हता. दुसरी मर्यादा १५ तारखेची. जून महिन्याचे निधीचे विवरण तोपर्यंत भरायचे असते; त्याआधी दुरुस्ती झाली, तर पूर्ण वेतन मूळ विवरणातच दाखवता येते. वहीवरून २३ जणांची हजेरी पुन्हा तपासायला एक दिवस, वेतनपत्रक दुरुस्त करून त्यावर सह्या घ्यायला एक दिवस, बँकेकडे यादी पाठवायला एक दिवस, असा हिशेब करून १० जुलै ही तारीख ठरली. ९ तारखेलाही काम झाले असते असे हिशेबनिसाचे म्हणणे होते. व्यवस्थापकांनी १० हीच ठेवली, कारण सांगितलेली तारीख एकदा चुकली की दुसऱ्या तारखेवर कोणी विश्वास ठेवत नाही.

७ जुलैच्या दुपारी, दुसरी पाळी सुरू होण्यापूर्वी, फलकावर पुढील सूचना लागली :

‘६ जुलै रोजी जमा झालेल्या जूनच्या पगारात दुसऱ्या पाळीतील २३ जणांना १८ व १९ जून या दोन दिवसांचे वेतन मिळालेले नाही. त्या दिवशी हजेरीचे यंत्र बंद होते व हजेरी वहीत घेतली होती. ती वेतनपत्रकात चढवण्याचे काम कार्यालयाचे होते. ते आम्ही केले नाही. चूक आमची आहे. आपण काम केले असूनही पैसे वेळेवर मिळाले नाहीत, याबद्दल आम्ही आपली क्षमा मागतो.

राहिलेली रक्कम शुक्रवार, १० जुलै रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत आपल्या बँक खात्यात जमा होईल. त्यासाठी अर्ज करण्याची गरज नाही. या रकमेतून निधी व विमा यांची नियमाप्रमाणे कपात होईल. प्रत्येकाचा हिशेब वेगळ्या चिठ्ठीवर ८ जुलै रोजी दिला जाईल. हजेरीपटावर कोणाचीही गैरहजेरी राहणार नाही.

पैसे कमी आल्यामुळे कोणाचा बँकेचा हप्ता परत गेला असेल, तर बँकेने आकारलेला दंड कार्यालय भरेल. बँकेचा संदेश किंवा पावती हिशेबनिसांना दाखवावी. तातडीची गरज असल्यास राहिलेल्या रकमेइतकी उचल आजच रोख मिळेल. — व्यवस्थापक’

या सूचनेत क्षमा एकदाच मागितली आहे आणि ती चूक स्पष्ट सांगितल्यानंतर येते. चूक न सांगता मागितलेली क्षमा म्हणजे नुसता शिष्टाचार असतो. ‘आम्ही’ हा शब्दही योजून घातलेला आहे. हिशेबनिसाचे नाव फलकावर लिहिले असते, तर कार्यालयाची जबाबदारी एका नोकराच्या माथी गेली असती. आणि यंत्रालाच दोष दिला असता, तर जबाबदारी कोणाचीच राहिली नसती. ‘गैरहजेरी राहणार नाही’ हे वाक्य लहान असले, तरी कामगारांनी तेच पुन्हा पुन्हा वाचले. पैसे चार दिवसांनी मिळतात. न केलेल्या गैरहजेरीचा डाग मात्र पुढे रजेच्या वेळी आडवा येतो.

प्रत्येकाची रक्कम फलकावर लिहिली नाही, हेही योग्यच झाले. कोणाचा पगार किती, हे चारचौघांत मांडण्याचे कारण नव्हते. शिवाय सर्वांची रक्कम सारखी नव्हती. २३ पैकी एक जण १९ तारखेला खरोखरच अर्धा दिवस रजेवर होता; त्याच्या चिठ्ठीत दीड दिवसाचा हिशेब आला. नुसत्या फलकावर विसंबून राहिले असते, तर त्याला दोन दिवसांची अपेक्षा राहिली असती. दुसरी एक कामगार ३० जूनलाच नोकरी सोडून गावी गेली होती. ती फलक पाहणार नव्हती. नोकरी सोडणाऱ्याचे वेतन तर संहितेप्रमाणे दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावयाचे असते. म्हणून तिला त्याच दिवशी दूरध्वनी करून तिची रक्कम सर्वांच्या आधी पाठवण्यात आली.

कामगारांच्या बाजूनेही एक काम असते. अशा सूचनेचे छायाचित्र व आपली हिशेबाची चिठ्ठी जपून ठेवावी. ठरल्या दिवशी रक्कम आली नाही, तर कार्यालयाने स्वतःच्या सहीने दिलेली ती कबुली असते आणि कमी वेतनाची तक्रार अधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत करता येते.

१० जुलैला पाच वाजेपर्यंत २१ खात्यांत पैसे पोहोचले. एकाचे खाते बंद झाल्याने रक्कम परत आली. सव्वापाच वाजता फलकावर चार ओळींची दुसरी सूचना लागली : एक रक्कम बँकेकडून परत आली आहे, संबंधित व्यक्तीस कळवले आहे, नवा खाते क्रमांक मिळताच उद्या दुपारपर्यंत ती पाठवली जाईल, बाकी सर्वांनी आपली खाती पाहावीत व काही कमी वाटल्यास आजच सांगावे. त्या संध्याकाळी दोघे जण चिठ्ठी घेऊन आले. त्यांपैकी एकाच्या हिशेबात खरोखरच चार रुपयांचा फरक निघाला. हिशेबनिसाने तो मोजून त्याच्या हातावर ठेवला आणि वहीत त्याची सही घेतली.