बत्तीस टोकनांएवढी आठवण

भाषा मॉडेलची स्मरणशक्ती तपासायची एक साधी चाचणी आहे. त्याला टेलिफोन डिरेक्टरीसारखी एक यादी वाचायला द्यायची. नाव आणि नंबर, पुन्हा नाव आणि नंबर. यादी संपली की मधलेच एखादे नाव घेऊन विचारायचे, यांचा नंबर काय? २०२४ मध्ये एनव्हिडिया कंपनीच्या संशोधकांनी ८०० कोटी पॅरामीटरच्या मॉडेलांची ही परीक्षा घेतली, तेव्हा ‘माम्बा’ या घराण्यातल्या मॉडेलचे चुकणे मोठे बोलके निघाले. यादी लांबली की ते नंबर साफ विसरत नव्हते. ते उत्तर द्यायचे, त्यातले काही आकडे बरोबर आणि बरोबर जागी असायचे, बाकीचे चुकलेले. चेहरा आठवतो पण नाव ओठांवर येत नाही, तशी काहीशी ती गत होती.

ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आज बहुतेक भाषा मॉडेल ज्या रचनेवर उभी आहेत ती रचना, असे चुकत नाही. त्याला यादी पेलणारी असेल तर तो नंबर जसाच्या तसा सांगतो. मग माम्बाच्या वाटेला कोणी जावेच का? याचे उत्तर हिशेबात आहे.

२०१७ साली गुगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ट्रान्सफॉर्मरचा प्राण म्हणजे ‘अटेन्शन’. मजकुराचा प्रत्येक नवा तुकडा, ज्याला टोकन म्हणतात, तो मागे वळून आधीच्या एकूण एक टोकनांकडे पाहतो आणि आपल्याला कोणाशी कर्तव्य आहे ते ठरवतो. हजार टोकनांच्या मजकुरात अशा सुमारे ५ लाख जोड्या होतात. मजकूर एक लाख टोकनांचा झाला की जोड्या ५०० कोटींवर जातात. लांबी शंभरपट, काम दहा हजारपट. आवाजाच्या बाबतीत तर हे फारच लवकर अंगावर येते. सेकंदाला १६,००० नमुने घेऊन ध्वनिमुद्रण केले आणि ते नमुने तसेच मॉडेलला दिले, तर एका सेकंदाच्या बोलण्यात जवळपास १३ कोटी जोड्या होतात.

जागेचा प्रश्न वेगळाच. मागे वळून पाहायचे तर मागचे जपून ठेवायला हवे. पिथिया नावाचे एक खुले ट्रान्सफॉर्मर मॉडेल आहे, २८० कोटी पॅरामीटरचे. त्याचे ३२ थर, प्रत्येक थरात दर टोकनामागे २,५६० आकड्यांच्या दोन ओळी, आणि प्रत्येक आकड्याला दोन बाइट. गुणाकार केला की एका टोकनामागे ३,२७,६८० बाइट, म्हणजे एक तृतीयांश एमबी. एक लाख टोकने या हिशेबाने जपायची म्हटली तर फक्त आठवणीसाठीच सुमारे ३३ जीबी लागतील.

स्टेट स्पेस मॉडेल हा पसारा मांडतच नाही. कल्पना जुनी आहे. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या आणि पुढे अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरल्या गेलेल्या पद्धतीचा पाया हाच होता. आजवर आलेली सगळी मोजमापे साठवायची नाहीत. त्यांचे सार सांगणारे मोजके आकडे, म्हणजे ‘अवस्था’, हाताशी ठेवायचे आणि नवे मोजमाप आले की तेवढेच आकडे सुधारायचे. उघडून पाहिले तर सगळे यंत्र दोन ओळींचे आहे.

```
h = a*h + b*x
y = c*h
```

`x` म्हणजे आत्ता आलेला तुकडा, `h` म्हणजे अवस्था, `y` म्हणजे बाहेर पडणारे उत्तर. जुन्यातले किती राखायचे ते `a` ठरवतो आणि नव्यातले किती घ्यायचे ते `b`. मजकूर दुप्पट झाला तर काम फक्त दुप्पट होते, आणि `h` ला लागणारी जागा तेवढीच राहते.

अडचण `a` मध्ये आहे. समजा तो ०.९ आहे आणि पहिल्या पायरीला १ हा आकडा आत आला. दहा पायऱ्यांनी त्यातला ०.३५ उरतो, पन्नास पायऱ्यांनी ०.००५ आणि शंभर पायऱ्यांनी जवळजवळ शून्य. म्हणून `a` वाढवून १.१ करावा, तर शंभर पायऱ्यांत त्याच एकाचे तेरा हजारांवर जातात आणि सगळा हिशेब उधळतो. एकतर विसर, नाहीतर स्फोट. जुनी रिकरंट नेटवर्क लांब मजकुरात इथेच अडखळत.

अल्बर्ट गू आणि स्टॅनफर्डमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘हिप्पो’ या नावाने यावर तोड काढली. `a` हा एकच आकडा नसून आकड्यांचे कोष्टक असू शकते, आणि ते कोष्टक वाटेल तसे भरायचे नाही. आजवरच्या सगळ्या इतिहासाचा एक आलेख कल्पावा, आणि त्या आलेखाशी जास्तीत जास्त जुळणारी वक्ररेषा मोजक्या आकड्यांत कशी सांगता येईल ते गणिताने काढावे. ते आकडे म्हणजे अवस्था. नवा तुकडा आला की वक्ररेषा किंचित सुधारते. अशा अवस्थेत जुने पुसले जात नाही, त्याचे बारकावे तेवढे बोथट होतात. या कोष्टकाने किती फरक पडतो? हस्तलिखित अंकांची चित्रे एकेक पिक्सेल करून वाचायच्या परीक्षेत, कोष्टक यदृच्छेने भरले तेव्हा ६० टक्के गुण मिळाले आणि हिप्पोच्या पद्धतीने भरले तेव्हा ९८.

२०२१ मध्ये याच पायावर ‘एस-फोर’ हे मॉडेल आले. त्या वेळी ‘पाथ-एक्स’ नावाची एक परीक्षा प्रसिद्ध होती. चित्रातले दोन ठिपके तुटक रेषेने जोडलेले आहेत की नाहीत ते सांगायचे, पण चित्र १६,३८४ पिक्सेलांच्या एका लांबलचक ओळीत उलगडून दिलेले. तोवरची सगळी मॉडेले छापा-काटा करावा तसे ५० टक्क्यांवर अडकली होती. एस-फोरने ८८ टक्के गाठले.

भाषेत मात्र एस-फोर मागे पडत होते, आणि कारण त्याच्या घडणीतच होते. `a`, `b`, `c` हे प्रत्येक पायरीला तेच, समोर काहीही येवो. ध्वनीच्या लहरीला हे चालते, कारण लहर संथपणे बदलते. भाषेचे तसे नाही. कोणी बोलता बोलता ‘सात’ हा कामाचा आकडा सांगतो आणि मग पन्नास शब्द ‘म्हणजे काय की’, ‘अं’, ‘तर असं आहे’ यांतच जातात. ०.९ च्या ठराविक नियमाने त्या सातातले शेवटी ०.०४ सुद्धा उरत नाही. भरतीचा शब्द आणि कामाचा शब्द यांत यंत्राला भेदच करता येत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये गू आणि त्री दाओ यांनी माम्बा मांडले ते हा भेद करण्यासाठी. त्यात आत येणारा तुकडाच ठरवतो की जुने किती राखायचे आणि आपल्याला किती आत घ्यायचे. भरतीच्या शब्दांवर मॉडेल `a` ०.९९९ पर्यंत नेऊ शकते आणि `b` शून्याजवळ आणू शकते. तसे झाले तर पन्नास शब्दांनंतरही त्या सातातले ६.६६ शिल्लक राहतात. उलट नवा विषय सुरू झाला की `a` खाली आणून पाटी पुसताही येते. एवढ्या छोट्या बदलात माम्बाचे खरे मर्म आहे.

याची किंमत मोजावी लागली. नियम ठराविक असताना एस-फोरला सगळी ओळ एका झटक्यात सोडवता येत असे. नियम दर पायरीला बदलू लागल्यावर ती सोय गेली. मग एकामागून एक पायरी चालत बसायचे, तर हजारो कामे एकाच वेळी करणाऱ्या जीपीयूचा उपयोग काय? इथे एक जुनी युक्ती कामी आली. शेजारच्या दोन पायऱ्या मिळून एक मोठी पायरी बनवता येते, अशा दोन मोठ्यांची आणखी मोठी. कुस्तीच्या स्पर्धेत फेऱ्या होतात तसे. दहा लाख पायऱ्यांचे काम अशा वीसेक फेऱ्यांत एकवटते आणि तितक्याच फेऱ्यांत ते प्रत्येक पायरीपर्यंत परत वाटले जाते. एकेका फेरीतली सगळी कामे जीपीयू एकदम करू शकतो.

आता पुन्हा त्या डिरेक्टरीकडे. माम्बाचे २८० कोटी पॅरामीटरचे मॉडेल घेऊ, म्हणजे पिथियाशी तुलना बरोबरीची होईल. त्याचे ६४ थर, प्रत्येक थरात ५,१२० वाहिन्या, आणि प्रत्येक वाहिनीची अवस्था १६ आकड्यांची. आकड्याला दोनच बाइट धरले तर सगळी अवस्था सुमारे १०५ लाख बाइटची, म्हणजे १० एमबी. हा आकडा पिथियाच्या दर टोकनाच्या ३,२७,६८० बाइटने भागला की बरोबर ३२ येतात. पिथिया बत्तीस टोकनांसाठी जेवढी जागा घेतो, तेवढ्यात माम्बाला हजार, लाख, दहा लाख टोकनांचे सगळे सार मावून घ्यायचे असते.

हा भागाकार एकदा पाहिला की चुकलेल्या नंबरांचे नवल वाटत नाही. कथेचा ओघ, विषय, बोलणाऱ्याचा सूर या गोष्टी सारात मावतात. पण नंबराचे सार होत नाही. दहा आकड्यांतला एक गेला की नंबर गेला. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हे गणिताने मांडले: ठराविक आकाराची अवस्था असलेले कोणतेही मॉडेल वाटेल तेवढा लांब मजकूर हुबेहूब उतरवू शकत नाही. प्रत्यक्ष चाचणीतही डिरेक्टरी पुरेशी मोठी झाल्यावर ४१ कोटी पॅरामीटरचा पिथिया २८० कोटींच्या माम्बाला मागे टाकत होता.

ही उणीव सहज नजरेस येत नाही, हे लक्षात ठेवायला हवे. पुढचा शब्द कोणता येईल या नेहमीच्या मोजपट्टीवर माम्बा समान आकाराच्या ट्रान्सफॉर्मरच्या तोडीस तोड उतरते, कारण बहुतेक शब्द ओघावरूनच ओळखता येतात. दूरवरच्या एका तपशिलावर बोट ठेवून विचारले तरच खोट उघडी पडते. त्यातही प्रश्न कधी विचारला याने फरक पडतो. यादी वाचताना पुढे काय विचारणार हे ठाऊक नसेल तर काय राखायचे आणि काय सोडायचे हे ठरवणार कसे? स्टॅनफर्डच्या एका गटाने तोच मजकूर मॉडेलला लागोपाठ दोनदा वाचायला दिला आणि अशा मॉडेलांची उत्तरे सुधारली. दुसऱ्या वाचनाच्या वेळी शेवटचा प्रश्न अवस्थेत आधीच असतो.

अधिक पक्का इलाज मिश्रणाचा ठरला. एनव्हिडियाच्या त्याच अभ्यासात ५६ थरांचे एक मॉडेल होते. त्यात अटेन्शनचे थर फक्त चार, माम्बाच्या दुसऱ्या आवृत्तीचे चोवीस, बाकीचे साधे. चार थर मागे वळून नेमका नंबर शोधतात, चोवीस थर ओघ सांभाळतात. अभ्यासातल्या बारा नेहमीच्या चाचण्यांत मिळून या मिश्रणाने त्याच आकाराच्या निव्वळ ट्रान्सफॉर्मरला मागे टाकले. जोड्यांचा खर्च पूर्ण गेला नाही, पण तो चारच थरांपुरता उरला.

निव्वळ माम्बाला खरी मोकळीक मिळते ती जिथे ओळ लांब असते आणि एकेका तुकड्यात फारसे काही नसते तिथे. डीएनएच्या दहा लाख अक्षरांच्या साखळ्यांवर ते वापरून पाहिले गेले आहे. २०२४ मध्ये आलेले ‘माम्बाबाइट’ मजकुराची टोकने न पाडता थेट बाइट वाचते, आणि मराठी वाचकाला यात लक्ष घालण्यासारखे काही आहे. संगणकात `Maharashtra` हा शब्द ११ बाइटचा होतो. ‘महाराष्ट्र’ लिहिला की कानामात्रा आणि जोडाक्षरांचे हलन्त धरून दहा चिन्हे, प्रत्येकी तीन बाइट, एकूण ३०. बाइट वाचणाऱ्या अटेन्शनला जोड्यांच्या हिशेबात देवनागरीतला हा शब्द रोमन लिपीतल्याच्या सातपटीहून महाग पडतो. सरळ प्रमाणात चालणाऱ्या यंत्राला तो पावणेतीनपटच पडतो.