कॉलची वेळ बदलून मागताना

परदेशी भागीदाराकडे कॉलची वेळ बदलून मागायची, तर आधी दोन्ही ठिकाणच्या घड्याळांतला फरक नेमक्या त्या तारखेसाठी काढावा लागतो. भारतीय प्रमाणवेळ वर्षभर एकच असते. अमेरिकेच्या बहुतेक भागात मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. त्यामुळे डेट्रॉइट शहर उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा तास.

समजा, चाकणमधल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला डेट्रॉइटच्या ग्राहकाने गुरुवार, 6 नोव्हेंबर 2025 रोजी दुपारी 2 ची वेळ दिली. अमेरिकेतली घड्याळे 2 नोव्हेंबरला मागे गेली होती. ऑक्टोबरच्या सवयीने साडेनऊ तास मिळवले, तर रात्रीचे साडेअकरा येतात. प्रत्यक्षात चाकणमध्ये तेव्हा 12.30 वाजलेले असतात आणि तारीख शुक्रवार, 7 नोव्हेंबर होते. बोलताना आपण याला ‘गुरुवारी रात्री साडेबारा’ म्हणतो. निरोपात तसे लिहिले, तर समोरचा एक दिवस आधीची वेळ धरून बसतो.

वेळ बदलून मागताना कारण एका वाक्यात पुरते. पर्याय मात्र समोरच्याच्या कामाच्या वेळेत बसणारे असावेत आणि प्रत्येकापुढे दोन्हीकडचा वार, तारीख व वेळ असावी. निरोप असा लिहिता येतो:

“गुरुवारी तुमच्या दुपारी 2 वाजता आमच्याकडे मध्यरात्र उलटलेली असेल आणि गुणवत्ता विभागाचे अभियंते हजर नसतील. पुढीलपैकी एखादी वेळ जमेल का?

1. डेट्रॉइट: गुरुवार, 6 नोव्हेंबर, सकाळी 8.00, चाकण: त्याच दिवशी संध्याकाळी 6.30
2. डेट्रॉइट: गुरुवार, 6 नोव्हेंबर, सकाळी 9.30, चाकण: त्याच दिवशी रात्री 8.00
3. डेट्रॉइट: शुक्रवार, 7 नोव्हेंबर, सकाळी 8.30, चाकण: त्याच दिवशी संध्याकाळी 7.00

कृपया बुधवारपर्यंत कळवावे. तोवर या तिन्ही वेळा आम्ही मोकळ्या ठेवतो.”

वेळेपुढे शहराचे नाव लिहिणे सर्वांत सुरक्षित. IST ही अक्षरे भारताप्रमाणेच इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळेसाठीही वापरली जातात. अमेरिकेत EST म्हणजे हिवाळ्यातली वेळ, तर EDT म्हणजे उन्हाळ्यातली; पण अनेक जण बाराही महिने EST च लिहितात, आणि तिथे एका तासाची चूक होते.

होकार आला की कॅलेंडरचे निमंत्रण पाठवावे. ते ज्याच्या त्याच्या पडद्यावर स्थानिक वेळ दाखवते. दर आठवड्याचा कॉल असेल, तर तो कोणत्या शहराच्या वेळेला बांधला आहे तेही पाहावे. डेट्रॉइटच्या सकाळी 9 ला बांधलेला कॉल चाकणमध्ये ऑक्टोबरात संध्याकाळी 6.30 ला येतो, नोव्हेंबरात 7.30 ला. म्हणून मार्च आणि नोव्हेंबरमधल्या बदलाच्या आठवडाभर आधी ठरलेले सगळे कॉल एकदा तपासून घ्यावेत.