आभाराच्या यादीमागचा हिशेब

2010 साली झोमॅटोचं नाव फूडीबे होतं. दीपिंदर गोयल आणि पंकज चड्ढा यांनी दिल्लीतल्या नोकरीत असताना 2008 मध्ये हॉटेलांची मेनूकार्डं स्कॅन करून एका संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली होती. घरपोच जेवण वगैरे गोष्टी अजून फार दूर होत्या. त्या वर्षी ‘नोकरी डॉट कॉम’ चालवणाऱ्या इन्फो एज कंपनीने त्यांच्यात सुमारे 4 कोटी 70 लाख रुपये गुंतवले. इन्फो एजचे संस्थापक संजीव बिखचंदानी हे संकेतस्थळ स्वतः वापरत होते आणि संपर्क त्यांनीच साधला होता.

एखाद्या स्टार्टअपला मोठी रक्कम मिळाली की संस्थापक जाहीर निवेदन काढतो. त्यात रक्कम असते, नव्या गुंतवणूकदाराचं नाव असतं, आणि ‘आम्ही काहीच नव्हतो तेव्हा ज्यांनी विश्वास टाकला’ त्यांचे आभार असतात. हे आभार बहुतेक वेळा मनापासूनचे असतात. पहिला पैसा देणाऱ्यापुढे ना नफ्याचा आकडा असतो, ना ग्राहकांची गर्दी. पण त्या पहिल्या माणसाच्या पदरात नेमकं काय पडलं, हे निवेदनात सहसा येत नाही. ते समजायला हिश्शांचा हिशेब मांडावा लागतो.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. ओळखीच्या चार-पाच जणांनी मिळून तिच्यात 1 कोटी रुपये घातले आणि 10 टक्के हिस्सा घेतला. अशा सुरुवातीच्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांना या व्यवसायात एंजल म्हणतात. त्यांनी साधे समभाग घेतले असं धरू. दोन वर्षांनी एक फंड 20 कोटी रुपये घेऊन येतो आणि पैसे आल्यानंतरचं कंपनीचं मूल्यांकन 100 कोटी ठरतं. म्हणजे फंडाचा हिस्सा 20 टक्के. फंड अशी अटही घालतो, की कर्मचाऱ्यांना पुढे देण्यासाठी 10 टक्के समभाग आधीच बाजूला काढा. उरलेल्या 70 टक्क्यांत संस्थापक आणि एंजल यांना बसायचं आहे. त्यामुळे एंजलांचे 10 टक्के आता 7 टक्के होतात. कागदावर त्यांची किंमत 7 कोटी. एका कोटीचे सात कोटी झाले म्हणून सगळे खूश असतात, आणि आनंद मानण्यासारखं त्यात आहेही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. 100 कोटी हे मूल्यांकन आहे. बँकेत आले ते 20 कोटी. शिवाय फंडाचे समभाग साधे नसतात. आपल्याकडे ते बहुधा सक्तीने रूपांतर होणारे प्राधान्य समभाग असतात. कंपनी विकली गेली तर फंडाने घातलेली रक्कम आधी परत मिळावी, असं करारात लिहिलेलं असतं. आता समजा धंदा मनासारखा चालला नाही आणि कंपनी 25 कोटींना विकली गेली. फंड त्याचे 20 कोटी आधी उचलतो. उरलेले 5 कोटी बाकीच्या 80 टक्के हिश्शांत वाटले जातात. कर्मचाऱ्यांचे सगळे समभाग वाटून झालेत असं धरलं, तर एंजलांच्या वाट्याला साधारण 44 लाख येतात. ज्या पैशाचे कागदावर सात कोटी झाले होते, त्यातलं निम्म्याहून अधिक मुद्दलही बुडालं. फंडाने यात कोणाला फसवलेलं नाही. करारावर सगळ्यांच्या सह्या होत्या. पण पहिली जोखीम घेणारा वाटपात शेवटी उभा राहू शकतो, हे आभाराच्या वाक्यांतून कोणाला कळत नाही.

सुरुवातीच्या पाठीराख्याला हिस्सा टिकवायचा असेल तर पुढच्या फेरीत स्वतः पैसे घालत राहावं लागतं. आपल्या हिश्शाच्या प्रमाणात नवे समभाग घेण्याचा हक्क तो करारात मागून घेतो. तरीही तो हक्क वापरायला खिसा खोल लागतो, आणि बहुतेक एंजल इथेच मागे पडतात. इन्फो एजकडे नोकरी डॉट कॉमची कमाई होती. त्यांनी फेरीमागून फेरी पैसे घातले आणि 2013 पर्यंत त्यांचा हिस्सा 57.9 टक्क्यांवर पोचला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिकोया फंडाबरोबरची 3 कोटी 70 लाख डॉलरची फेरी जाहीर झाली. तिच्यातही इन्फो एजने पैसे घातले, तरी हिस्सा 50.1 टक्क्यांवर आला. जुलै 2021 मध्ये झोमॅटो शेअर बाजारात उतरली, तेव्हा विक्रीपूर्वी तो साडेअठरा टक्के उरला होता. स्वतः गोयल यांच्याकडे साडेपाच टक्क्यांच्या आसपास हिस्सा होता. कंपनीच्या माहितीपत्रकात प्रवर्तक म्हणून कोणाचंच नाव नव्हतं. 76 रुपये भावाने कंपनीची किंमत 60 हजार कोटींच्या घरात जात होती. अशा किमतीत घटलेल्या टक्क्यांनीही इन्फो एजला मालामाल केलं. एवढा मोठा शेवट मात्र फार थोड्या कंपन्यांच्या नशिबी येतो.

23 जुलै 2021 रोजी समभाग 76 ऐवजी 116 रुपयांना उघडला. त्या दिवशी गोयल यांनी लिहिलेलं निवेदन मला या प्रकारातलं चांगलं उदाहरण वाटतं. आपण यशस्वी होऊ की अपयशी ते माहीत नाही, असं त्यांनी सरळ लिहिलं. इंटरनेट स्वस्त करणाऱ्या जिओपासून फ्लिपकार्ट, ओला, पेटीएमपर्यंत ज्यांनी वाट तयार केली, त्यांना श्रेय दिलं. एरवी अशी नम्रता शिष्टाचारासारखी वाटते. इथे तिच्यामागे कागद होता: कंपनीला आदल्या आर्थिक वर्षात 816 कोटींचा तोटा झाला होता, आणि पुढेही तोटा होऊ शकतो असं माहितीपत्रकातच नमूद होतं. एका वर्षाने, जुन्या गुंतवणूकदारांवरची समभाग न विकण्याची मुदत संपताच भाव कोसळला आणि 45 रुपयांच्याही खाली गेला. निवेदनातली शंका किती खरी होती ते गुंतवणूकदारांनी तेव्हा अनुभवलं. पुढे भाव पुन्हा चढला, हा नंतरचा भाग.

म्हणून निवेदनाची नम्रता मी त्यातल्या माहितीवरून मोजतो. जाहीर केलेल्या रकमेतले किती पैसे खरोखर कंपनीच्या खात्यात येणार आणि किती जुन्या भागधारकांचे समभाग विकत घेण्यात जाणार? दुसऱ्या प्रकारचा पैसा कंपनीच्या कामाला येत नाही, पण मथळ्यात दोन्ही एकत्रच मोजले जातात. रक्कम एकदम मिळणार, की ठरलेली उद्दिष्टं गाठल्यावर हप्त्याहप्त्याने? ती किती महिने पुरणार? ज्यांचे आभार मानले ते अजून भागधारक आहेत, की या फेरीत बाहेर पडले? जो संस्थापक हे सांगतो, त्याला ‘आम्ही अजून लहान आहोत’ असं वेगळं म्हणावं लागत नाही.

सांगितलं नाही तरी काही गोष्टी शोधता येतात. कंपनी कायदा 2013 च्या कलम 42 नुसार खाजगी कंपनीने निवडक लोकांना नवे समभाग दिले, की 15 दिवसांत कंपनी निबंधकाकडे PAS-3 हा अर्ज भरावा लागतो. तो भरेपर्यंत आलेला पैसा वापरता येत नाही. त्यात किती समभाग दिले, कोणत्या भावाने दिले आणि कोणाला दिले हे असतं, आणि थोडं शुल्क भरून कोणालाही तो पाहता येतो. जुन्या समभागांची खरेदी-विक्री त्यात येत नाही. त्यामुळे जाहीर झालेला आकडा आणि अर्जातला आकडा यांत मोठं अंतर दिसलं, तर एक तर बाकीचे हप्ते अजून यायचे असतात, नाहीतर उरलेला पैसा जुन्या भागधारकांच्या खिशात गेलेला असतो. यातलं कोणतं खरं, हे संस्थापकाला विचारण्याचा हक्क त्याच्या कर्मचाऱ्यांना सर्वांत आधी आहे, कारण बाजूला काढलेल्या त्या 10 टक्क्यांवर त्यांनी पगार कमी घेतलेला असतो.